यात माझं काही नाही

माझ्या कामात एक वाक्य आहे. ते मी इतक्या घरांत, इतक्या अनोळखी माणसांसमोर म्हटलंय की आता तोंडातून आपोआप निघतं. "ही वस्तू मी बनवलेली नाही. यात माझं काही नाही. तुम्ही हिला नावं ठेवलीत तरी मला वाईट वाटणार नाही." एवढं बोलायचं, वस्तू समोरच्याच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं.

कंपन्या काही नवं काढतात, ॲप असो नाहीतर एखादं यंत्र. ते बाजारात जाण्याआधी मी साध्या माणसांच्या घरी घेऊन जाते. ती माणसं ते कसं वापरतात, कुठे अडतात, कशावर वैतागतात हे बघते आणि कंपनीला सांगते. बघताना एकच कडक नियम असतो, मदत करायची नाही. माणूस चुकीचं बटण दाबतोय, झाकण उलटं ओढतोय, घाम पुसतोय, तरी आपण हात मांडीवर ठेवून बसायचं. वस्तू विकत घेतल्यावर त्याच्या शेजारी मी नसणार, म्हणून. नवरा म्हणतो, "लोकांची फजिती बघायचे पैसे घेणारी या गावात तू एकटीच." त्याचं बरं आहे. तो सरकारी संशोधन संस्थेत विमानांच्या पंखांवर काम करतो. महिना संपला की पगार येतो, आणि पंखांची मर्जी त्याला सांभाळावी लागत नाही.

मी मुळातच चिडकी. त्यात गेली काही वर्षं एक गोष्ट मला सलत होती. आम्ही बेंगळुरात राहतो, आणि येलहंक्याहून शहरात जाताना हेब्बाळच्या चौकात बस हटकून अडकते, आणि अडकते ती नेमकी एका भल्यामोठ्या होर्डिंगसमोर. ते होर्डिंग ज्या ॲपचं आहे, ते लहान असताना मी तपासलं होतं. तेव्हा त्या कंपनीत पाच-सहा पोरं होती आणि बसायला खुर्च्या कमी पडायच्या. पैसे भरायचं बटण अशा जागी होतं की घरोघरी लोक ते शोधत बसायचे. मी ते हलवायला लावलं. फी घेतली, वेळेवर आणि पूर्ण मिळाली, विषय संपला. पुढे ती कंपनी कुठच्या कुठे गेली. त्या पाच-सहा पोरांतल्या एकाने तळ्याकाठी घर घेतलं, आणि त्याच्या वास्तुशांतीला जाऊन मी गुलाबजामही खाऊन आले. मला कुणी फसवलं नव्हतं. तरीसुद्धा बस अडकली की मी त्या होर्डिंगकडे बघायची आणि जळायची. बटण माझं आहे, असं म्हणावंसं वाटायचं, पण कुणाला म्हणणार?

त्यामुळे त्या मुलाने विचारलं तेव्हा माझं मन आधीच हो म्हणून बसलं होतं.

मुलगा नागपूरचा, तिशीतला, बोलायला गोड आणि कामाला वाघ. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरमध्ये, एका घराचा तळमजला भाड्याने घेऊन त्याची कंपनी चालली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्याने गोळ्यांचा डबा काढला होता. आठवड्याच्या वारांचे खण, प्रत्येक खणाला सरकतं झाकण. ठरलेल्या वेळी डबा माणसासारखं बोलतो, "आजची गोळी घ्या." गोळी घेतली की वरचं मोठं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे परगावच्या मुलाला फोनवर हिरवी खूण दिसते. डबा स्वस्तात द्यायचा आणि महिन्याची वर्गणी घ्यायची, असा त्याचा हिशेब होता. मला कल्पना मनापासून आवडली. माझी आई पुण्यात एकटी असते, हेही एक कारण.

मी माझा आकडा पाठवला होता. चौदा घरं, प्रत्येक घरी दोन भेटी, मधे आठवडाभर डबा त्यांच्याकडे. त्याने मला समोर बसवून फिल्टर कॉफी मागवली, तेव्हाच मी ओळखलं की आकड्याबद्दल काहीतरी आहे.

"ताई, तुमचं कोटेशन एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. "प्रॉब्लेम एवढाच की आत्ता कॅश टाइट आहे. फंडिंगचा राउंड होऊन राहिला आहे, पण इन्व्हेस्टर लोकांचा पैसा यायला वेळ लागते. म्हणून मी म्हणतो, फीच्या जागी इक्विटी घ्या ना, कंपनीचे शेअर. पाऊण टक्का. नाही तर वर्गणीचे जे पैसे येतील त्यातला हिस्सा घ्या, तुमच्या फीच्या अडीचपट होईपर्यंत. तुम्ही सांगाल ते."

"आणि कंपनी बुडाली तर?"

"बुडाली तर माझंही बुडते, ताई." तो हसला. "पण तुम्ही बाहेरच्या राहू नका असं वाटते मला. स्वतःचं असलं की माणूस जीव ओतून करते."

स्वतःचं. हा शब्द त्याने कुठून काढला कोण जाणे, पण बरोबर जागी लागला. मी म्हटलं, विचार करते. त्याने म्हटलं, कागद होत राहतील, तोवर पहिली दोन-तीन घरं सुरू करून टाकू. आणि मी, लोकांना कागद झाल्याशिवाय हात लावू नका म्हणून सांगणारी, बरं म्हणाले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कणीक मळत होता. त्याने पिठाच्या हाताने मला मुजरा केला. "या मालकीणबाई. पाऊण टक्का म्हणजे डब्याचं नेमकं काय तुमचं? रविवारचं झाकण?"

"चेष्टा पुरे. घेऊ की नको?"

"तुला हवंय ना? मग घे. नंतर हेब्बाळला बस अडकली की माझ्यावर चिडू नकोस म्हणजे झालं."

त्यानंतर जेवढे दिवस माझं घेऊ की नको चाललं होतं तेवढे दिवस तो मला मालकीणबाईच म्हणत होता. मालकीणबाई, चहा ठेवू का. मालकीणबाई, गॅसवाला आलाय. मला राग येत होता आणि आतून बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाच पुन्हा राग येत होता.

माझा हिशेब बघणारे सीए इथल्याच जुन्या मराठी घरातले. त्यांच्या तीन-चार पिढ्या बेंगळुरात गेल्यात. मला अक्का म्हणतात, वयाने मोठे असून. त्यांना फोन केला.

"अक्का, स्वल्प थांबा," ते म्हणाले. "आधी हे सांगा, ते देणार काय? ईसॉप म्हणतंय का ते पोरगं? ईसॉप, म्हणजे पुढे शेअर घ्यायचा हक्क, नोकरीतल्या लोकांना देतात, तुमच्यासारख्या बाहेरच्या कन्सल्टंटला नाही देता येत. खरे शेअर देतील तर त्याचं मूल्यांकन लागतं, कागद लागतात. नाहीतर नुसतं एक करारपत्र देतील, की कंपनी विकली तर इतके पैसे देऊ. ते शेअर नव्हे, ते वचन."

"आणि खरे शेअर दिले तर?"

"तर बिल करायला पाहिजे. पैसे नाही मिळाले तरी शेअर म्हणजे मोबदलाच. त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी कॅशमध्ये, इन्कम टॅक्स पण कॅशमध्ये. शेअर विकून भरते म्हणाल तर घेतंय कोण आत्ता? जीएसटी तरी त्यांच्याकडून कॅशमध्ये मागा, त्यांना त्याचं टॅक्स क्रेडिट मिळतं. आणि पाऊण टक्का आज. उद्या नवे इन्व्हेस्टर आले की नवे शेअर निघतात, तुमचा पाऊण बारीक होत जातो."

"मग हिस्सा घेऊ? वर्गणीतला?"

"घ्या, पण वर्गणी म्हणजे काय ते लिहून घ्या. टॅक्स सोडून, परत केलेले पैसे सोडून, किती? आकडे कोण दाखवणार, कधी दाखवणार? सरी?"

सगळं सरी, म्हणजे बरोबरच होतं. एकेक मुद्दा मी त्या मुलाला पाठवला आणि त्याने एकेकाला होकार दिला. जीएसटी रोखीत देतो. आकडे तिमाहीला दाखवतो. कराराचा मसुदा वकिलाकडे आहे. चोर नव्हता तो, हे मला लिहायलाच हवं. तो जे देत होता ते खरोखर देत होता. मला चैन पडत नव्हतं ते त्याच्यामुळे नाही. काय खुपतंय तेच कळत नव्हतं. भाजी चिरताना सुरी खाली ठेवून मी खिडकीशी जायची, परत यायची. फोनवर कॅल्क्युलेटर काढून पाऊण टक्क्याला कसल्याही मोठ्या आकड्याने गुणायची आणि पुसून टाकायची.

पहिलं घर चिकपेटचं होतं. मेट्रोतून वर आले आणि गर्दीतून वाट काढत एका गल्लीत शिरले. खाली साड्यांच्या घाऊक दुकानाचं गोदाम, वर दोन खोल्या, आणि त्यात एक आजी. मराठी, पण त्यांच्या सासऱ्यांपासून सगळे इथलेच. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. डब्यासाठी त्यांचं नाव त्या कॅनडातल्या मुलानेच दिलं होतं.

"ये गं, बस. कॉफी स्वल्प घेतेस ना? साखर घालू?"

मी बसले, कॉफी घेतली, डबा पिशवीतून काढला. रक्तदाबाची गोळी या डब्यात ठेवायची नाही, ही माझी पहिल्यापासूनची अट. ती पट्टीतच राहील आणि त्या नेहमीसारखी घेतील. डब्यात फक्त डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी. ते सांगून झालं आणि मी नेहमीचं वाक्य सुरू केलं.

"आजी, ही वस्तू मी बनवलेली नाही. यात माझं..."

आणि अडकले. खरंच अडकले. घसा खाकरला, पाणी प्यायले, आणि वाक्य अर्धंच सोडून "बघा बरं उघडतंय का" म्हणून डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला. त्यांच्या लक्षात आलं नसावं, असं मी धरून चालले.

डबा बोलला. आजींनी कौतुकाने मान डोलावली आणि झाकणाला हात घातला. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली. झाकण सरकेना. लहान मुलांनी उघडू नये म्हणून ते मुद्दाम घट्ट केलेलं होतं. त्यांनी अंगठा लावला, मग नख लावलं, मग पदराने धरून बघितलं. डबा पुन्हा बोलला, "आजची गोळी घ्या." आजी म्हणाल्या, "घेते रे बाबा, थांब की." मी हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि मनात म्हणत होते, सरक, अरे सरक, एवढं तरी सरक.

आणि माझा हात पुढे गेला. मी झाकण सरकवून दिलं.

इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. एकदा एका बाईला माझ्यासमोर रडू कोसळलं होतं, तरी मी बटणाला हात लावला नव्हता. मी उघड्या खणातली पांढरी गोळी बघत राहिले. मला कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखं झालं होतं.

आजींनी गोळी उचलली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय गं, तुझं काही आहे का यात?"

खोटं बोलायला जमलं असतं. जीभ वळली नाही. "होईल कदाचित," मी म्हणाले. "कंपनी मला पैशांऐवजी थोडा भाग देणार आहे."

"अय्यो, मग आधी सांगायचं नाही का?" त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "चांगला आहे हो डबा. खूप चांगला. आवाज पण किती गोड आहे. झाकण काय, सवयीने उघडेल."

त्यानंतर मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, चांगला आहे. रंग चांगला. बटण चांगलं. रात्री बोलला तर चालेल? चालेल की, सोबत होईल. लेकीच्या घरचं जेवण अळणी झालं तरी आई जशी बोटं चाटून खाते, तसं ते कौतुक होतं. माझ्या कामाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य होती. झाकण पुन्हा सरकवून, डबा आठवड्यासाठी ठेवून मी खाली उतरले. गोदामासमोर गाठोडी उतरवणाऱ्या हमालांच्या मधे उभी राहिले आणि माझं मलाच कळेना की मेट्रो डावीकडे की उजवीकडे.

पुढची दोन घरं कशीबशी केली. तिथे वाक्य बोललेच नाही.

आठवडा संपत आला तेव्हा त्या नागपूरच्या मुलाने मला एचएसआरला बोलावलं. तो उड्या मारत होता. इन्व्हेस्टरांना दाखवायच्या सादरीकरणात त्याने आमच्या तीन घरांचे आकडे घातले होते. दोन घरांत खुणा मधेमधे गळलेल्या. चिकपेटच्या घरात ओळीने सगळ्या हिरव्या.

"बघा ताई! शहात्तर वर्षांची बाई, एक दिवस पण मिस नाही. हे एक पान दाखवलं ना, राउंड झाला म्हणून समजा."

मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही. त्या हिरव्या ओळीकडे बघून पहिल्या क्षणाला मला जो आनंद झाला, त्यात आजी कुठेच नव्हत्या, माझा पाऊण टक्का होता. दुसऱ्या क्षणाला ती वाकलेली बोटं आठवली. जे झाकण माझ्यासमोर त्यांच्या हाताने एकदाही सरकलं नाही, ते रोज कसं सरकलं? डब्याला झाकण उघडल्याचं कळत नव्हतं. बटण दाबलं की गोळी घेतली असं तो धरायचा, एवढंच.

"हे पान आत्ता दाखवू नकोस," मी म्हणाले.

"का?"

"मला परत जाऊन बघू दे."

"ताई, परवा मीटिंग आहे."

मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. त्याची बाकीची पोरं संगणकावरून डोळे काढून माझ्याकडे बघत होती. मग जे आठवडाभर खुपत होतं ते मला एकदम दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं.

"मला इक्विटी नको. मला फी हवी."

त्याचा चेहरा उतरला. "विश्वास नाही का ताई? अजून वाढवून देऊ का? एक करू?"

"विश्वास आहे म्हणून तर सांगते आहे. तुझ्या झाकणाचं डिझाइन जो करतो, त्याला दे. तो जीव ओतेल, त्याने ओतायलाच हवा. माझा जीव तुझ्या डब्यात असून चालत नाही. मी तिकडे त्या आजींना मदत केली, कळतंय का तुला? माझा हात गेला. मला तो डबा पास व्हायला हवा होता."

"मग इक्विटी राहू द्या, वर्गणीतला हिस्सा घ्या."

"त्यात वेगळं काय झालं? डबा विकला गेला तर मला पैसे. आणि उद्या मला सांगायचं असलं की अजून विकू नका, तर ते मी कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलंच तर तू म्हणशील, बाई स्वतःचं नुकसान करून सांगते म्हणजे खरं असेल. पण सांगितलं नाही तर तुला कधी कळणारच नाही की मी का गप्प बसले."

त्याने ते पान मिटलं. मग म्हणाला, "कॅश खरंच नाही आहे, ताई."

"तर काम कमी करू. दर कमी करणार नाही, घरं कमी कर. चौदाची सहा. झालेली तीन त्यातच धरू, ती मी नीट पुन्हा करते. अर्धे आधी दे, अर्धे अहवाल दिल्यावर. तेवढे तरी आहेत?"

होते. त्याने काचेकडे तोंड करून कुणालातरी फोन केला, परत आला आणि मान हलवली. रागावला होता तो. जाताना कॉफी विचारली नाही. मी परतीची बस धरली. हेब्बाळला बस अडकली. होर्डिंग होतंच. अजून काही वर्षांनी इथे त्या डब्याचं होर्डिंग लागलं तर, हा विचार आला आणि मला खरंच रडू आलं. शेजारची बाई कन्नडमध्ये विचारायला लागली, काय झालं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, काही नाही. हातात आलेलं सोडताना मला कसलंही थोरपण वाटलं नाही, नुसतं वाईट वाटलं.

नवऱ्याने दार उघडलं, तोंड बघितलं आणि मालकीणबाई म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धे पैसे खात्यात आले आणि मी चिकपेट गाठलं. आजींनी दार उघडलं. डबा देवघराशेजारी ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल.

"आलीस? बघ, एक दिवस पण चुकले नाही."

मी बसले. कॉफी घेतली नाही, आधी बोलले. "आजी, मागच्या वेळी मी सांगितलं ते आता तसं नाही. मी भाग घेतला नाही. मी कामाचे पैसे घेते, डबा चालो की न चालो. ही वस्तू मी बनवलेली नाही. यात माझं काही नाही. तुम्ही हिला नावं ठेवलीत तरी मला वाईट वाटणार नाही."

"खरंच काही नाही?"

"खरंच."

त्यांनी रुमाल काढून डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "मग तूच उघड."

मी सोमवारचं झाकण जोर लावून सरकवलं. गोळी होती. मंगळवारचं सरकवलं. होती. प्रत्येक खणात, पहिल्या दिवशी मी ठेवली तशी, गोळी तिथेच होती. उद्या याच खणांत कुणाची तरी रक्तदाबाची गोळी असणार होती, आणि परगावच्या कुणा मुलाच्या फोनवर ओळीने हिरवं दिसणार होतं.

"आजी, मग बटण?"

"दाबत होते की रोज. आवाज झाला की उठून दाबायचे. एकदा तर ताप होता, तरी उठले." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुझा भाग आहे म्हणालीस ना. म्हटलं, पोरीचं माझ्यामुळे बुडायला नको."

त्यांनी डबा माझ्या मांडीवरून उचलला, उलटा करून गोळ्या वाटीत ओतल्या आणि पदर खोचून समोर बसल्या.

"आता लिही," त्या म्हणाल्या. "झाकण एकदम भिकार आहे."